व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये अनोळखी लोकांना तुमचं नेमकं कोणतं नाव दिसतं

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दार वाजवत आल्या, हातात फोन आणि चेहरा असा की मला वाटलं घरात कोणाला काही झालं. "अगं, मी मघाशी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींना टॅग केलं, आणि माझ्या फोनमध्ये ते 'खडूस सेक्रेटरी' म्हणून सेव्ह आहेत, आता सगळ्या बिल्डिंगला दिसलं असेल का गं?" त्यांच्या स्क्रीनवर खरंच तसं होतं, "@खडूस सेक्रेटरी उद्या पाणी किती वाजता येणार". कोणीही घाबरेल.

मी माझा फोन काढला. तोच मेसेज, तीच वेळ, पण माझ्याकडे टॅग दिसत होता "@जोशी काका", कारण मी त्यांना तसं सेव्ह केलंय. काकूंचा जीव भांड्यात पडला. मग मी समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन भाड्याने आलेल्या मुलाला हाक मारली, त्याने ग्रुपमधलं कोणालाच सेव्ह केलेलं नव्हतं. त्याच्या फोनवर टॅग होता "@~S R Joshi". खडूस वगैरे काही नाही. पण त्याच मेसेजच्या वर, पाठवणाऱ्याच्या जागी, काकूंचं नाव काय होतं माहितेय? "~Pintya chi Atya 😜".

फोन घेतला तेव्हा भाच्याने सगळं सेट करून दिलं होतं आणि नाव विचारल्यावर गंमत म्हणून हे टाकलं होतं. दीड वर्ष झालं. काकू ज्या नावाची काळजी करत होत्या ते कोणालाच दिसत नव्हतं आणि जे अख्ख्या ग्रुपला दिसत होतं ते त्यांना माहितीच नव्हतं.

नवीन व्हॉट्सॲप वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा हाच घोळ असतो म्हणून एकदा नीट लिहून काढते. माझा अनुभव व्हॉट्सॲपचाच आहे, बाकी ॲपचं मी सांगत नाही.

दोन नावं, दोन जागा

पहिलं नाव म्हणजे प्रोफाइल नेम. हे तुम्ही तुमच्याबद्दल लिहिलेलं नाव. व्हॉट्सॲप पहिल्यांदा सुरू करताना नंबर टाकला, ओटीपी आला, आणि मग एक चौकट आली "तुमचं नाव लिहा", तेच ते. हे नाव व्हॉट्सॲपकडे असतं आणि तुमच्या मेसेजबरोबर दुसऱ्यांच्या फोनपर्यंत जातं.

दुसरं नाव म्हणजे सेव्ह केलेलं नाव. हे तुम्ही दुसऱ्याबद्दल तुमच्या फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये लिहिलेलं. "दूधवाले दादा", "अहो", "आर्यची मम्मी", "उचलू नको", काय वाट्टेल ते. हे तुमच्या स्क्रीनसाठी असतं. तुम्ही ज्याला सेव्ह केलं त्यालासुद्धा कळत नाही की तुम्ही त्याला कुठल्या नावाने सेव्ह केलंय, ग्रुपमधल्या बाकीच्यांचा तर प्रश्नच नाही.

आता ग्रुपमध्ये मेसेज येतो तेव्हा काय होतं ते समजलं की बाकी सगळं आपोआप सुटतं. मेसेज कोणाचा आहे हे व्हॉट्सॲप नावावरून ठरवत नाही, अकाउंटवरून म्हणजे आपल्या समजुतीसाठी नंबरावरून ठरवतं. तो मेसेज तुमच्या फोनवर पोचला की तुमचा फोन आधी तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये शोधतो की हा नंबर आहे का. असला तर तुम्ही सेव्ह केलेलं नाव दाखवतो. नसला तर पाठवणाऱ्याचं प्रोफाइल नेम दाखवतो आणि त्याच्या आधी ती नागमोडी रेघ लावतो, ~ अशी, आणि सोबत नंबर. नंबर डावीकडे की उजवीकडे हे व्हर्जनप्रमाणे बदलतं त्याच्या नादी लागू नका, रेघ बघा.

टॅग पण असाच चालतो. तुम्ही @ टाकून नाव निवडलं की आत नाव जात नाही, कोणाला टॅग केलं ते जातं, आणि प्रत्येकाचा फोन त्या जागी आपापल्या यादीतलं नाव भरतो. "अमुकने तमुकला ग्रुपमध्ये ॲड केलं" ही मधली राखाडी ओळ पण तशीच. म्हणजे एकाच ग्रुपचे २०० मेंबर असतील तर तो ग्रुप २०० वेगवेगळ्या नावांच्या याद्यांनी दिसतो.

पायरी १ : तुमचं प्रोफाइल नेम बघा

ॲन्ड्रॉइडवर व्हॉट्सॲप उघडा, वर उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, तिथे Settings. आयफोनवर Settings खाली उजव्या कोपऱ्यात असतं. Settings उघडलं की सगळ्यात वर तुमचा फोटो आणि त्याच्या शेजारी नाव, त्यावर बोट ठेवा. आत Name लिहिलेलं दिसेल, त्याच्यावर दाबा, खोडा, नवीन लिहा, सेव्ह करा. २५ अक्षरांची मर्यादा आहे, इमोजी पण त्यातच मोजली जाते. मराठीत लिहिलं तरी चालतं.

खाली About म्हणून एक वेगळी ओळ असते, बरेच जण नाव समजून तिथे लिहितात आणि मग म्हणतात बदललं तरी ग्रुपमध्ये जुनंच येतंय. About म्हणजे नाव नाही.

अजून एक चूक मी तीन-चार जणांची बघितलीये. ते फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये जाऊन स्वतःचाच नंबर शोधतात आणि तिथलं नाव बदलतात. त्याने दुसऱ्याच्या फोनवर काहीही फरक पडत नाही, ते फक्त तुमच्या यादीतलं तुमचं नाव झालं. तसंच गूगल अकाउंटचं नाव, कॉल आल्यावर ट्रूकॉलरवर येणारं नाव, यूपीआयवर पैसे पाठवताना दिसणारं बँकेतलं नाव, ही सगळी वेगवेगळी खाती आहेत. तिकडे बदललं म्हणून इकडे बदलत नाही.

नाव बदलल्यावर ग्रुपमध्ये "यांनी नाव बदललं" अशी ओळ पडत नाही. अशी ओळ नंबर बदलल्यावर येते, नावाला नाही, म्हणून लाजायचं काही कारण नाही, गुपचूप बदला. जुने मेसेज पण नवीन नावानेच दिसायला लागतात कारण नाव मेसेजवर छापलेलं नसतं, बघताना वरून लावलेलं असतं. कधीकधी दुसऱ्याच्या फोनवर थोडा वेळ जुनंच नाव दिसत राहतं, तुम्ही ग्रुपवर एखादा मेसेज टाकलात की बहुतेक वेळा बदलतं.

पायरी २ : अनोळखी माणसाच्या फोनवर तपासा

स्वतःच्या फोनवर तपासून उपयोग नाही, कारण ग्रुपमध्ये स्वतःच्या मेसेजवर नाव येतच नाही. घरच्यांच्या फोनवरही नाही, कारण तिथे तुम्ही सेव्ह आहात. काकूंनी दुसऱ्या दिवशी काकांचा फोन बघितला आणि परत आल्या, "अगं ह्यांच्या फोनवर तर मंडळी दिसतंय, ते पण बदलायला हवं का?" नाही काकू, ते काकांनी तुम्हाला सेव्ह केलंय. राहू द्या.

तपासायचं तर असा माणूस शोधा जो त्याच ग्रुपमध्ये आहे पण ज्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही. नवीन भाडेकरू, मुलाच्या वर्गातल्या एखाद्या नवीन मुलाचे पालक, कोणीही. त्याला म्हणा माझ्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठव. तुमच्या नावाआधी ~ दिसली की समजा हेच अनोळखी लोकांना दिसतंय. रेघ नसेल तर त्या माणसाने तुम्हाला कुठल्यातरी नावाने सेव्ह केलंय, म्हणजे ती चाचणी बाद.

मेंबरच्या यादीत काही जणांचं नाव येतच नाही, नुसता नंबर. ते बहुतेक असे असतात जे ग्रुपमध्ये आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत, त्यांचं प्रोफाइल नेम तुमच्या फोनपर्यंत अजून आलेलंच नसतं. त्यांनी नाव लपवलंय असं समजू नका.

पायरी ३ : नाव काय ठेवायचं

इथे जरा थांबा कारण इथेच लोक एका चुकीतून दुसऱ्या चुकीत जातात. काकूंनी "Pintya chi Atya" खोडून लगेच टाईप केलं "सुनंदा बी-२०४". सोसायटीच्या ग्रुपसाठी एकदम बरोबर, सगळ्यांना कळेल कोण ते. पण प्रोफाइल नेम एकच असतं. ग्रुपप्रमाणे वेगळं ठेवता येत नाही. काकू सोसायटीच्या ग्रुपमध्ये आहेत, भजनी मंडळाच्या आहेत, एका साडीवालीच्या ग्रुपमध्ये आहेत जिथे साडेचारशे बायका (आणि कोण कोण) आहेत, आणि एका गावजत्रेच्या ग्रुपमध्ये आहेत ज्याची लिंक फेसबुकवर फिरत होती. त्या सगळ्यांकडे आता त्यांचा नंबर, नाव आणि फ्लॅट नंबर तिन्ही एकत्र जाणार. नंबर तर ग्रुपमध्ये दिसतोच, त्याला फ्लॅटची जोड आपण आपल्या हाताने कशाला द्यायची.

हेच "आर्यची मम्मी 3B" ला लागू. शाळेच्या ग्रुपमध्ये सोयीचं वाटतं, पण मुलाचं नाव आणि वर्ग साडीवालीच्या ग्रुपमध्ये पण जातो. मी म्हणते जे नाव तुम्ही बसस्टॉपवर शेजारी उभ्या माणसाला सांगाल तेवढंच ठेवा. नुसतं पहिलं नाव, किंवा पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर, "सुनंदा क." असं. सोसायटीच्या ग्रुपमध्ये फ्लॅट सांगायचाच असेल तर पहिल्या मेसेजमध्ये लिहा, "नमस्कार, मी सुनंदा, बी-२०४". ज्याला हवं तो सेव्ह करेल त्याच्या सोयीने.

नाव रिकामं ठेवता येत नाही म्हणून काही लोक नुसता टिंब किंवा एक फूल टाकतात. चालतं, पण मग कामाच्या ग्रुपमध्ये तुमच्या मेसेजवर "~🌸" येतं आणि ॲडमिन विचारतो कोण हे, आणि कधीकधी काढूनही टाकतो. मी स्वतः ॲडमिन आहे, मी काढलेत.

आणि नावाला लपवायची सेटिंग नाही. फोटोला आहे, Settings मध्ये Privacy, त्यात Profile photo, तिथे Everyone ऐवजी My contacts करता येतं. इथे My contacts म्हणजे तुम्ही ज्यांना सेव्ह केलंय ते, त्यांनी तुम्हाला सेव्ह केलेलं नव्हे. गॅसवाल्याला तुम्ही सेव्ह केलंत तर तो पण तुमच्या My contacts मध्ये आला आणि त्याला फोटो दिसणार. तसं नको असेल तर My contacts except आहे, त्यात त्याला वगळा. नावाच्या बाबतीत असलं काही नाही, ते दिसणारच, म्हणून नावच मोजकं ठेवायचं.

सेव्ह केलेलं नाव बाहेर कधी पडतं

आता काकूंची मूळ भीती. टॅगमधून "खडूस" बाहेर गेलं नाही, पण जाऊच शकत नाही असं नाही. माझ्याकडून गेलंय, म्हणून सांगते.

ग्रुपवर कोणीतरी विचारलं प्लंबरचा नंबर आहे का. मी मोठ्या तत्परतेने पिन दाबून Contact निवडलं आणि प्लंबरचं कार्ड पाठवलं. माझ्या फोनमध्ये तो "प्लंबर जास्त पैसे घेतो" म्हणून सेव्ह होता. कार्ड गेलं, आणि कार्डावर ठळक अक्षरात तेच नाव. कारण कॉन्टॅक्ट शेअर करतो तेव्हा तुमच्या यादीतली ती अख्खी नोंद जाते, तुम्ही लिहिलेल्या नावासकट. समोरचा सेव्ह करायला गेला की त्याच्या फोनमध्ये पण तेच नाव आयतं भरलेलं येतं. आमच्या बिल्डिंगमध्ये किमान चार घरांत तो माणूस आजही त्याच नावाने असेल. आणि नेमका तो प्लंबर आमच्याच बिल्डिंगच्या वॉचमनचा मेहुणा निघाला, असो.

असं झालं तर लगेच मेसेज दाबून धरा, वर कचऱ्याची पेटी, त्यात Delete for everyone. दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो तेवढ्यात करा, आणि तुम्हाला जमलं नाही तर ॲडमिनला सांगा, ॲडमिन ग्रुपमधला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो. पण ज्याने सेव्ह केला त्याच्याकडे तो राहिला.

पुढच्या वेळी दोन रस्ते आहेत. एक, आधी कॉन्टॅक्टमध्ये जाऊन नाव साधं करा, "प्लंबर", मग पाठवा, आणि नंतर हवं तर परत जुनं लिहा. दुसरा रस्ता मला आवडतो, नंबर कॉपी करून नुसता टाईप करून टाका, "प्लंबर : नंबर". नंबर वेगळ्या रंगात दिसतो, त्याच्यावर दाबलं की चॅट किंवा कॉल करता येतो, आणि तुमच्या यादीतलं नाव कुठेच जात नाही.

दुसरी गळती स्क्रीनशॉटची. तुम्ही ग्रुपचा स्क्रीनशॉट काढला तर त्यात तुमच्या यादीतली नावं येणार, तो दुसऱ्या ग्रुपवर टाकला की सगळ्यांना दिसलं तुम्ही कोणाला काय म्हणून सेव्ह केलंय. भांडणाचे स्क्रीनशॉट फिरतात त्यात लोक मेसेज वाचतात आणि मी नावं वाचते, खरी मजा तिथेच असते. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली तरी तेच. आणि Export chat करून फाईल कोणाला दिलीत, समितीच्या कामासाठी वगैरे, तर त्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीच्या आधी तुमच्या फोनमधलं सेव्ह नाव असतं. द्यायच्या आधी फाईल उघडून एकदा नजर टाका.

साधा फॉरवर्ड मात्र सुरक्षित आहे, फॉरवर्ड केलेल्या मेसेजबरोबर मूळ माणसाचं नाव जात नाही.

सेव्ह केलंय तरी नंबरच दिसतोय

हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. तीन कारणं बघा, याच क्रमाने.

सगळ्यात आधी परवानगी. व्हॉट्सॲपला तुमचे कॉन्टॅक्ट बघायची परवानगीच नसेल तर त्याला सगळं जग अनोळखी, अख्ख्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या आधी ~ दिसते. नवीन फोनवर घाईघाईत Deny दाबलेलं असतं. ॲन्ड्रॉइडवर फोनच्या Settings मध्ये Apps, तिथे WhatsApp, मग Permissions, आणि Contacts ला Allow. आयफोनवर फोनच्याच Settings मधल्या Privacy & Security मध्ये Contacts, तिथे WhatsApp ला परवानगी द्या.

मग रिफ्रेश. ॲन्ड्रॉइडवर नवीन चॅटचं हिरवं बटण दाबा, वर तीन ठिपके, Refresh. नुकतंच सेव्ह केलेलं नाव बरेचदा याने येतं.

आणि तिसरं, ज्यात लोक तासन्‌तास अडकतात, देशाचा कोड. आपण इथे इथल्याइथे दहा आकडी नंबर सेव्ह करतो आणि ते चालतं, कारण फोन त्याला भारतातला नंबर समजून त्याच्या आधी +91 धरतो. माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. फॅमिली ग्रुपमध्ये तिला आम्ही सगळे नंबर म्हणून दिसायचो, म्हणजे "~" लावलेले, आणि ती म्हणायची मी तर सगळ्यांना सेव्ह केलंय. केलं होतं, पण दहा आकडी. तिच्या अमेरिकन नंबरच्या व्हॉट्सॲपने ते अमेरिकेतले नंबर धरले, त्यामुळे आमच्याशी जुळेनात. तिने प्रत्येकाच्या आधी +91 लावलं आणि एका झटक्यात आत्या, मामा, सगळे जागेवर आले.

उलट बाजूने हेच जास्त घातक आहे. आईने तिचा नंबर कोडशिवाय सेव्ह केला होता, एडिसन भागातला नंबर 732 ने सुरू होतो. आपल्याकडचे मोबाईल 6, 7, 8, 9 ने सुरू होतात, म्हणजे 732 ने सुरू होणारा दहा आकडी नंबर आपल्या फोनला एकदम देशी वाटतो. आईच्या व्हॉट्सॲपवर भाचीच्या नावाने एक चॅट उघडत होतं, फोटो मात्र कोणा मोटरसायकलवाल्याचा. तिला वाटलं जावई. तो भारतातला कोणी तिसराच माणूस होता ज्याचा नंबर योगायोगाने तोच होता, आणि आईने त्याला दोन वेळा संक्रांतीच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. त्याने पण "तुम्हालाही" लिहिलेलं. तेव्हा परदेशातला नंबर नेहमी + आणि कोड लावूनच सेव्ह करा, अमेरिका कॅनडा +1, इंग्लंड +44, दुबई +971, आणि कोडनंतर मधे शून्य घालू नका.

त्या रेघेचा खरा उपयोग

~ चा अर्थ एवढाच की हे नाव समोरच्याने स्वतः लिहिलंय आणि तुमच्या यादीत हा नंबर नाही. ते नाव कोणी तपासत नाही. मी आत्ता माझं नाव "बँक मॅनेजर" ठेवलं तर अनोळखी लोकांना "~बँक मॅनेजर" दिसेन. जोशी काकांचा फोटो डाऊनलोड करून लावला आणि "S R Joshi" लिहिलं तरी कोणी अडवणार नाही.

समजा लिंकवरून कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपमध्ये घुसला, खजिनदारांचा फोटो लावला, त्यांचंच नाव ठेवलं आणि लिहिलं "मेंटेनन्सचं खातं बदललंय, या नंबरवर पाठवा". ज्यांनी खऱ्या खजिनदारांना सेव्ह केलंय त्यांना फरक लगेच दिसेल. खऱ्याचे आधीचे मेसेज रेघेशिवाय, तुम्ही सेव्ह केलेल्या नावाने, आणि हा नवीन मेसेज ~ लावून आणि वेगळ्या नंबरसह. ओळखीचा माणूस अचानक रेघ घेऊन आला की थांबायचं आणि सेव्ह असलेल्या जुन्या नंबरवर फोन करायचा. त्यांनी खरंच नंबर बदलला असेल तर ते फोनवर सांगतील.

पण ज्यांनी खजिनदारांना कधी सेव्हच केलं नाही त्यांना खरा आणि खोटा दोघेही ~ लावूनच दिसणार, त्यांना ही रेघ काही सांगणार नाही. म्हणून ग्रुपमधल्या २०० लोकांना सेव्ह करू नका, पण जे पैसे मागू शकतात त्यांना करा : सेक्रेटरी, खजिनदार, शाळेच्या क्लास टीचर, भिशीवाली ताई. आणि नंबर ग्रुपमधून उचलून नाही, समोर भेटल्यावर किंवा नोटीस बोर्डावरून घेऊन.

उलट चूक म्हणजे ग्रुपवर दिसला की लगेच सेव्ह करणं. मेसेजवरच्या नावावर दाबलं की फोन Add to contacts विचारतो आणि नाव बऱ्याचदा आयतं भरून देतो. खोट्या नंबरला तुम्ही स्वतः "खजिनदार" म्हणून सेव्ह केलंत की रेघ गेली, आता तो तुमच्या फोनवर खऱ्यासारखाच दिसणार, आणि तुमच्या My contacts मध्ये पण आला. खात्री नसेल आणि सेव्ह करायचंच असेल तर नावातच लिहा, "ग्रुपमधले, खात्री नाही". ते तुमच्याशिवाय कोणाला दिसत नाही हे आता तुम्हाला माहितीये.

एक अपवाद सांगून ठेवते. बऱ्याच मोठ्या सोसायट्या आता साधा ग्रुप सोडून Community करतात, त्यात जो घोषणांचा मुख्य ग्रुप असतो तिथे मेंबरांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ॲडमिनला आणि ज्यांनी तुम्हाला सेव्ह केलंय त्यांना दिसतात. पण त्याच कम्युनिटीतल्या छोट्या ग्रुपमध्ये, पार्किंग, गणपती वगैरे, गेलात की परत नंबर उघडा.

काकूंचं नाव शेवटी "सुनंदा क." झालं. समोरच्या मुलाच्या फोनवर "~सुनंदा क." येताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, समाधानाने मान हलवली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं, तू मला काय म्हणून सेव्ह केलंयस ते दाखव बघू."

मी म्हटलं काकू, चहा टाकते.